नव्वद टक्के हीरो!

हल्ली लंच ब्रेकला डब्याच्या आधी फोन उघडतो. एकाने चेहरा समोर धरायचा, बाकीच्यांनी मागून डोकावायचं, स्क्रीनवर तीन सेकंद एक चक्र गरागरा फिरतं आणि निकाल हाजिर. ‘तुम्ही ८७ टक्के अमुक हीरोसारखे दिसता!’ मग तो स्क्रीनशॉट ग्रुपवर, त्यावर पंचवीस स्मायली, आणि दुपारपर्यंत अकाउंट्सचा तो गरीब बिचारा मुलगा ‘हीरो’ या नावानेच ओळखला जातो. सॉलिड टाइमपास! याबद्दल आपलं काहीच म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते त्या ८७ वर. हा आकडा येतो कुठून? तो नक्की कशाचा ८७ टक्के? आणि आकडा दिसला की आपण इतके गप्प का होतो? शेजारची काकू म्हणाली, ‘अगदी अमुकसारखा दिसतोस रे,’ तर आपण हसून सोडून देतो. फोनने तेच दोन आकडी टक्क्यांत सांगितलं की वाटतं, बॉस, काहीतरी मोजलंय याने!

यंदा महाशिवरात्रीला मी आजोळी, नागऱ्याला होतो. गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलात की थोड्याच अंतरावर हे गाव येतं. तिथलं जुनं दगडी शिवमंदिर सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे आणि शिवरात्रीला तिथे ही गर्दी असते. गर्दीतून सुटून घरी आलो, तर तिथेही हाच खेळ रंगलेला. मामेभावाला अ‍ॅपने रितेश देशमुख दिला होता, त्यामुळे स्वारी खुशीत. त्याच्या बहिणीला, म्हणजे नववीतल्या माझ्या मामेबहिणीला, मात्र एक दाढीवाला हीरो मिळाला. झालं! भावाने तिला दोन दिवस ‘ओ दाढीवाले’ म्हणून हाक मारली. मामी त्याला ओरडत होती, ‘काऊन त्रास देऊन राहिला रे तिला?’ तिसऱ्या दिवशी पोरगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, ‘दादा, माझा चेहरा खरंच पोरासारखा दिसून राहिला का?’

चौदा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न हसून उडवायचा नसतो. ‘छे गं, काहीतरीच काय’ एवढ्याने तिचं समाधानही होत नाही, कारण समोर टक्के असतात. तेव्हा तिला जे समजावून सांगितलं, तेच आज थोडं सविस्तर.

आधी एक सोपी चाचणी

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे यातले कितीतरी फिल्टर चेहरा ओळखतच नाहीत. आठवतंय? २०२० च्या सुरुवातीला इन्स्टाग्रामवर ‘तुम्ही कोणतं कार्टून?’ छापाच्या फिल्टरची लाट आली होती. डोक्यावर एक चौकोन, त्यात भराभर बदलणारी चित्रं, आणि मग एका चित्रावर ब्रेक. तिथे फिल्टर एवढंच शोधत होतं की तुमचं डोकं कुठे आहे, म्हणजे चौकोन बरोबर वर टांगता येईल. पुढचं सगळं लॉटरी. चित्रांच्या यादीतून आंधळेपणाने एक चिठ्ठी उचलायची, बस्स. बाहेरच्या लोकांनी बनवलेले असे फिल्टर मेटाने जानेवारी २०२५ मध्ये बंद केले, पण तोच फंडा वापरणारी अ‍ॅप्स आजही ढिगाने आहेत.

तुमच्या फोनवरचं अ‍ॅप कोणत्या जातीचं आहे, हे ओळखणं अगदी सोपं आहे. कॅमेरा नको, गॅलरीत सेव्ह केलेला एकच फोटो घ्या आणि तोच फोटो पाच वेळा द्या. पाच वेळा पाच वेगळे हीरो आले, तर ती लॉटरी. पाचही वेळा तोच हीरो आणि तेच टक्के आले, तर अ‍ॅप निदान काहीतरी मोजतंय. अजून खात्री हवी असेल, तर भिंतीचा किंवा चपलेचा फोटो द्या. तरीही हीरो आला, तर समजून जा!

नागऱ्याला आम्ही हीच चाचणी केली. पाचही वेळा रितेशच. म्हणजे हे अ‍ॅप मोजणारं होतं. मग खरी गंमत पुढे सुरू झाली.

चेहऱ्याचा पत्ता

मोजणारं अ‍ॅप काय करतं? पहिल्यांदा ते फोटोत चेहरा कुठे आहे ते शोधतं. मग डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांच्या कडा, हनुवटी असे ठरावीक बिंदू पकडतं. एका नेहमीच्या पद्धतीत हे बिंदू ६८ असतात. या बिंदूंच्या आधाराने तिरका चेहरा सरळ केला जातो, केस आणि मागचा देखावा बराचसा कापून टाकला जातो आणि पासपोर्ट फोटोपेक्षाही घट्ट असा एक छोटा चौकोन तयार होतो.

बऱ्याच जणांना वाटतं की यानंतर अ‍ॅप पट्टी घेऊन नाक मोजतं, दोन डोळ्यांमधलं अंतर मोजतं, आणि ‘नाक अजयचं, डोळे शाहरुखचे’ असा हिशोब मांडतं. तसं नसतं. तो चौकोन एका न्यूरल नेटवर्कमधून जातो आणि दुसऱ्या बाजूने आकड्यांची एक माळ बाहेर पडते. गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘फेसनेट’ नावाची पद्धत मांडली, तिच्यात अशी १२८ आकड्यांची माळ होती. पुढच्या काही पद्धतींत ५१२ आकडे असतात. यातला एकही आकडा ‘नाक’ किंवा ‘हनुवटी’ नसतो. सगळे मिळून त्या फोटोचा एक पत्ता होतो असं समजा. गोंदियाचा पत्ता अक्षांश-रेखांश अशा दोन आकड्यांत सांगता येतो, चेहऱ्याचा १२८ आकड्यांत. दोन पत्ते जवळ असले की फोटो सारखे, लांब असले की वेगळे.

हे पत्ते द्यायला नेटवर्क शिकतं कसं? त्याला तीन-तीन फोटो दाखवतात. दोन एकाच माणसाचे, तिसरा दुसऱ्याचा. पहिल्या दोघांचे पत्ते जवळ आण, तिसऱ्याचा लांब ढकल, एवढाच धडा, तो लाखो फोटोंवर पुन्हा पुन्हा गिरवायचा. हळूहळू त्याला कळतं की प्रकाश बदलला, माणूस हसला, चष्मा लावला, तरी माणूस तोच.

आता इथे जरा थांबा, कारण सगळी गोम इथेच आहे. नेटवर्क शिकलं ते ‘तोच माणूस की दुसरा?’ हे. ‘दुसरा आहे, पण दिसतो कुणासारखा?’ हा धडा त्याला कुणी दिलेलाच नाही. दोन परके चेहरे एकमेकांपासून पुरेसे लांब गेले की त्याचं काम संपलं. त्यातला कोणता परका थोडा जवळ राहिला आणि कोणता जास्त लांब गेला, हे माणसाच्या नजरेला पटेलच असं नाही. कधी पटतं, आणि मग आपण म्हणतो ‘वॉव!’ कधी अजिबात पटत नाही, आणि मग आपण म्हणतो ‘कायपण!’ आपला जुळा स्टार हा या यंत्राचा मुख्य माल नाही, कामातून उरलेला भुसा आहे. अ‍ॅपवाल्यांनी तोच छान पुडीत बांधून विकायला ठेवलाय.

आपण माणसं साम्य कसं बघतो ते आठवा ना. १९९० च्या ‘दिल’मध्ये किशोर भानुशाली आला की थिएटरात लोक ‘देव आनंद, देव आनंद’ म्हणत हसायचे. ते साम्य नुसत्या नाकाडोळ्यांत नव्हतं. मानेची ती तिरकी ढब, हातांची हालचाल, घाईघाईचं बोलणं, सगळं त्यात आलं. यातलं काहीही त्या कापलेल्या चौकोनात उरत नाही. काकूची नजर जे बघते ते अ‍ॅप बघत नाही. दोघांचा धंदाच वेगळा आहे.

‘कुणीच नाही’ हे उत्तर कुठे गेलं?

आता टक्क्यांकडे येऊ. ‘डीलिब’ नावाची एक फुकट मिळणारी, भरपूर वापरली जाणारी सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. तिच्या चेहरा ओळखणाऱ्या मॉडेलचा साधा नियम असा: दोन पत्त्यांमधलं अंतर ०.६ पेक्षा कमी असेल तर माणूस एकच धरा, जास्त असेल तर वेगळा. हाच नियम घेऊन एक हिशोब करून बघू.

समजा, अ‍ॅपकडे दोन हजार स्टार्सची यादी आहे. तुमचा पत्ता काढला आणि प्रत्येकाशी अंतर मोजलं. सगळ्यात जवळचा हीरो निघाला ०.७४ वर, दुसरा ०.७५ वर, तिसरा ०.७७ वर. तिघेही ०.६ च्या पलीकडे. म्हणजे यंत्राचं प्रामाणिक उत्तर काय आहे? ‘हा माणूस या यादीतला कुणीही नाही.’ खरं तर इथे खेळ संपला!

पण असं उत्तर देणारं अ‍ॅप कोण डाउनलोड करेल? म्हणून अ‍ॅप प्रश्नच बदलतं. ‘हा कोण आहे?’ असं न विचारता ते विचारतं, ‘यादीतला सगळ्यात कमी लांब कोण?’ या प्रश्नाला उत्तर नेहमीच असतं. नागऱ्यापासून सगळ्यात जवळचा समुद्र कोणता, असं विचारलंत तरी नकाशा उत्तर देईलच. म्हणून काही नागरा समुद्रकाठचं गाव होत नाही.

मग त्या ०.७४ चे टक्के करायचे. ते कसे, हे अ‍ॅप बनवणारा ठरवतो. एक जण म्हणेल, अंतराला २ ने भागून १ मधून वजा करू. आले ६३ टक्के. दुसरा म्हणेल, ६३ फारच फिके दिसतात यार, ४ ने भागू. आले जवळजवळ ८२. तिसरा म्हणेल, पहिल्या नंबरला नेहमी नव्वदच्या आसपासच दाखवू, लोक शेअर करतात. चेहरा तोच, अंतर तेच, आणि टक्के ६३, ८२ किंवा ९०. त्या आकड्याचा अर्थ ‘तुम्ही तो असण्याची शक्यता ९० टक्के’ असा नाही, ‘तुमचा ९० टक्के चेहरा त्याच्यासारखा’ असाही नाही. ती अंतराला चढवलेली झूल आहे. दहावीच्या टक्क्यांसारखं त्यामागे कोणतंही बोर्ड नाही.

तो दुसरा आणि तिसरा नंबर पण विसरू नका. ०.७४ आणि ०.७५ मध्ये फरक तो काय! प्रकाश एवढासा बदलला की पहिला दुसरा होतो. अ‍ॅप मात्र एकच नाव मोठ्या अक्षरात दाखवतं, जणू काही चुरस नव्हतीच.

एक भाऊ, तीन हीरो

ही चुरस डोळ्यांनी बघायची म्हणून आम्ही मामेभावाचे तीन फोटो काढले. पहिला देवळाच्या सावलीत, हात लांब करून काढलेला सेल्फी. रितेश देशमुख, ८७ टक्के. दुसरा भर उन्हात, कपाळावर ऊन आणि डोळ्यांखाली सावली. धनुष, ८४ टक्के. तिसरा मी काढला, पाचेक फुटांवर उभं राहून. विकी कौशल, ९१ टक्के! पंधरा मिनिटांत एका माणसाचे तीन जुळे भाऊ. मामी म्हणाली, ‘मंग आता जेवायला किती पानं मांडू?’

यात जादू काही नाही. सेल्फीत कॅमेरा नाकाच्या फार जवळ असतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये हिशोब मांडून दाखवला की साधारण १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. नाक तेच आहे हो, अंतर बदललंय. भर उन्हात सावल्या डोळ्यांच्या खोबणी खोल करतात. नेटवर्कला हे फरक दुर्लक्षायला शिकवलेलं असतं आणि ते बऱ्यापैकी दुर्लक्ष करतंही. म्हणजे तिन्ही फोटो एकमेकांशी ताडले तर ‘एकच माणूस’ असंच उत्तर येईल. पण पहिला आणि दुसरा हीरो जिथे केसाच्या अंतरावर उभे असतात, तिथे एवढा फरकही नाव बदलायला पुरतो.

दुसरा मुद्दा यादीचा. अ‍ॅप फक्त यादीतलंच नाव देऊ शकतं. गूगल आर्ट्स अँड कल्चरने जानेवारी २०१८ मध्ये असाच खेळ आणला होता, फक्त हीरोंऐवजी जुनी चित्रं. आपला सेल्फी द्यायचा आणि कुठल्यातरी म्युझियममधलं आपल्यासारखं दिसणारं पोर्ट्रेट मिळवायचं. जाम गाजलं. पण आशियाई आणि कृष्णवर्णीय लोकांनी लगेच तक्रार केली की आम्हाला फिरून फिरून तीच दोनचार चित्रं मिळताहेत. कारण उघड होतं, संग्रहात युरोपियन चेहऱ्यांची चित्रं जास्त होती. तराजू ठीक असला, तरी दुकानात मालच नसेल तर काय करणार?

आता मामेबहिणीच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. तिचा फोटो संध्याकाळचा होता, मिणमिणत्या उजेडात, केस मागे घट्ट बांधलेले, फोन खाली मांडीवर धरून काढलेला. खालून काढलेल्या फोटोत कुणाचाही जबडा भारदस्त दिसतो. त्यातून यादीत सावळ्या, किशोरवयीन, भारतीय मुली किती असतील? बहुतेक नावं मोठ्या वयाच्या, मेकअप केलेल्या, स्टुडिओच्या उजेडातल्या चेहऱ्यांची. शिवाय मुलींना मुलींचीच नावं दाखवायची, अशी चाळणी अ‍ॅपने लावलेली नसेल, तर कमी लांब असलेला कुणीतरी बाप्याही वर येऊ शकतो. आणि चाळणी लावली, तरी ती नेमकी अशाच चेहऱ्यांवर जास्त फसते. जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधक बायकांनी २०१८ मध्ये बाजारात विकल्या जाणाऱ्या तीन यंत्रणा तपासल्या. फोटोतली व्यक्ती बाई की पुरुष, एवढंच सांगायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक १ टक्क्याहूनही कमी होती. सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

म्हणजे दोष चेहऱ्यात नव्हता, पोरी. अ‍ॅपच्या शाळेत तुझ्यासारखे चेहरे पुरेसे आलेच नव्हते. हे सांगितल्यावर तिने पहिलं काम काय केलं असेल? भावाचा तसाच खालून, तसाच अंधारात फोटो काढला. जो हीरो आला त्याचं नाव छापायची मला परवानगी नाही. घरात शांतता आहे.

हाच खेळ पोलिस ठाण्यात

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बरं मग, टाइमपासच आहे ना, एवढं डोकं कशाला लावायचं? लावायचं, कारण हेच यंत्र दुसऱ्या खोलीत बसून गंभीर कामंही करतं, आणि तिथे प्रश्न कोणता विचारला यावर सगळं ठरतं.

फोन चेहऱ्याने अनलॉक होतो, तेव्हा प्रश्न असतो, ‘हा तोच आहे का?’ एकाची एकाशी तुलना. तिथे ‘नाही’ हे उत्तर जिवंत असतं, भाऊ फोन उघडायला गेला की त्याला ते मिळतं. शिवाय समोर फोटो आहे की खरा माणूस, हेही चांगल्या यंत्रणा तपासतात. लुकअलाइक अ‍ॅप एकाची हजारोंशी तुलना करतं आणि ‘नाही’ हे उत्तर काढूनच टाकतं. पोलिसांचा यादीतला शोध या दोघांच्या मधे कुठेतरी बसतो. तुलना हजारोंशी, पण उंबरठा ठेवलेला. तो उंबरठा किती उंच, हाच मग कळीचा मुद्दा.

जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एसीएलयू या नागरी हक्क संघटनेने एक प्रयोग केला. अमेझॉनची ‘रेकग्निशन’ ही सेवा घेतली, अटक झालेल्या लोकांचे २५ हजार फोटो यादीत टाकले आणि अमेरिकन काँग्रेसच्या सगळ्या सदस्यांचे फोटो त्यांच्याशी जुळवून पाहिले. उंबरठा त्या सेवेत आधीपासून ठरवून दिलेलाच ठेवला, ८० टक्के. २८ लोकप्रतिनिधी आरोपी म्हणून ‘सापडले’! अमेझॉनचं म्हणणं पडलं की पोलिसी कामाला याहून बराच उंच उंबरठा ठेवायला हवा होता. पण ८० हा आकडा ऐकायला कसा भक्कम वाटतो, नाही का?

आता आपल्याकडे या. इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने माहितीच्या अधिकारात विचारल्यावर दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये दिलेल्या उत्तरातून बाहेर आलं की ८० टक्क्यांवरची जुळणी ते पॉझिटिव्ह धरतात. त्याखालची जुळणीही थेट बाद होत नाही, इतर पुराव्यांशी ताडून बघितली जाते. ८० च का, ७५ किंवा ९५ का नाही, हा प्रश्न आपल्या हीरोच्या ८७ सारखाच आहे. फरक इतकाच की इथे स्क्रीनशॉट ग्रुपवर जात नाही, माणूस ठाण्यात जातो.

आणि यादी जितकी मोठी, तितकी चूक स्वस्त. समजा, एखादं यंत्र दहा हजार परक्या माणसांमागे एकदाच चुकून ‘हाच तो’ म्हणतं. ऐकायला झकास! पण यादीत एक लाख चेहरे असतील, तर प्रत्येक शोधात सरासरी दहा निरपराध माणसं वर येणार. लुकअलाइक अ‍ॅपची यादी मोठी असली की तुमचा जुळा जास्त हुबेहूब मिळतो, ती गंमत आणि ही भीती एकाच कारणाने होते. भरपूर चेहऱ्यांत शोधलं, की कुणी ना कुणी सारखा मिळणारच. सारखा असणं आणि तोच असणं यांच्या मधल्या दरीत पुरावा लागतो, म्हणजे तो त्या दिवशी होता कुठे, कुणासोबत होता. नुसता चेहरा तिथे पुरत नाही.

म्हणून एक विनंती. सोसायटीच्या सीसीटीव्हीतला धूसर फोटो असल्या अ‍ॅपमध्ये घालून ‘हा आपल्या कॉलनीतला अमुकच’ असं ग्रुपवर टाकू नका. ज्या अ‍ॅपमध्ये ‘कुणीच नाही’ हे उत्तरच नाही, त्याची साक्ष कुणाविरुद्धही काढू नये.

खेळा, पण...

खेळायला हरकत काहीच नाही. फक्त एक गोष्ट आधी बघा. फोटो फोनमध्येच मोजला जातो की अ‍ॅपवाल्याच्या सर्व्हरवर जातो? चाचणी पुन्हा सोपी. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि निकाल येतो का बघा. नाही आला, तर फोटो बहुधा बाहेर जातोय. डिसेंबर २०१८ मध्ये पॉपशुगर या अमेरिकन साइटच्या ‘ट्विनिंग’ नावाच्या अशाच लुकअलाइक खेळात लोकांनी दिलेले सेल्फी इंटरनेटवर कुणालाही बघता येतील असे उघडे पडलेले सापडले होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा कुठून बदलणार? लहान मुलांचे फोटो तर मुळीच देऊ नका.

बाकी, निकाल आला की नाव वाचण्याआधी मनात एक वाक्य जोडायची सवय लावा: ‘या फोटोपुरता, या यादीपुरता, सगळ्यात कमी लांब.’ एवढं जोडलं की ९१ टक्के झाले काय किंवा ६३ झाले काय, हसू तेवढंच येतं आणि आरशासमोर कुणी उदास होत नाही. आणि ऑफिसातल्या त्या अकाउंट्सच्या ‘हीरो’ला पगारवाढ मागायची असेल, तर त्याने स्क्रीनशॉट नेऊ नये. एचआरकडची यादी वेगळी असते!